एक्स्चेंजने खातं गोठवलं, आता पुढे काय? तपासणी आतून कशी चालते आणि उत्तराची फाइल कशी बांधायची

क्रिप्टो एक्स्चेंजवर विड्रॉलचं, म्हणजे पैसे बाहेर काढण्याचं, बटण दाबलं की नेहमीच्या हिरव्या खुणेऐवजी एक ओळ येते: "सुरक्षा तपासणीसाठी तुमच्या खात्यावरील काही सुविधा तात्पुरत्या थांबवल्या आहेत." कारण लिहिलेलं नसतं, तारीख नसते. शिल्लक समोर दिसत असते, पण हलवता येत नाही. पुढच्या तासाभरात बहुतेक माणसं ज्या चुका करतात, त्यांनीच चार दिवसांचं काम चार आठवड्यांवर जातं. मी काही वर्षं एका एक्स्चेंजच्या तपासणी विभागात अशा फाइली वाचल्या आणि आता अडकलेल्या लोकांना त्या बांधायला मदत करतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर जे कळलं ते इथे लिहितो आहे.

आधी ओळखा, कोणत्या प्रकारचा अडथळा आहे

"खातं गोठलं" या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. त्यांचे उपायही वेगळे आहेत.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे आपोआप लागलेलं कुलूप. तुम्ही पासवर्ड बदलला, टू-फॅक्टर काढून नवीन लावलं, ईमेल बदलला, किंवा नवीन फोनवरून लॉगिन केलं, की बरीच एक्स्चेंज एक-दोन दिवस विड्रॉल बंद ठेवतात. चोराने खातं ताब्यात घेतलं असेल तर खऱ्या मालकाला जागं व्हायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. इथे स्क्रीनवर बहुधा उलटी मोजणी किंवा तारीख दिसते. काही करायचं नाही, थांबायचं. उतावीळपणे पुन्हा पासवर्ड बदललात तर मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

दुसरा प्रकार म्हणजे खातं दुसऱ्याच्या हातात गेल्याचा संशय. यात लॉगिनच बंद होतं किंवा चेहऱ्याचा व्हिडिओ आणि ओळखपत्र पुन्हा मागतात. तिसरा प्रकार पैशांच्या उगमाबद्दलचा: लॉगिन चालतं, कधी कधी खरेदी-विक्रीही चालते, पण पैसे बाहेर जात नाहीत आणि तुम्हाला विचारतात की अमुक डिपॉझिट कोणाकडून आणि कशाबद्दल आलं. चौथा प्रकार कायदेशीर आदेशाचा. तपास यंत्रणेचं पत्र किंवा निर्बंध यादीतलं नाव असेल तर एक्स्चेंजच्या हातात सोडवणं उरत नाही. अशा वेळी सपोर्टला शंभर संदेश पाठवूनही उपयोग नाही. आदेश कोणत्या यंत्रणेचा आणि कोणत्या क्रमांकाचा, एवढं विचारून थेट वकील गाठावा.

या लेखात मी तिसऱ्या प्रकारावरच थांबणार आहे. प्रामाणिक माणसं सगळ्यात जास्त तिथेच अडकतात, आणि तिथेच तुमच्या उत्तराने निकाल बदलतो.

झेंडा कशामुळे लागतो

ब्लॉकचेनवर पत्ते उघडे असतात, नावं नसतात. चेनॅलिसिस, इलिप्टिक, टीआरएम लॅब्ज यांसारख्या कंपन्या हे पत्ते गटांत बांधतात आणि गटांना लेबल लावतात: हे एक्स्चेंजचं वॉलेट, ही अनेकांची नाणी मिसळून माग पुसणारी मिक्सर सेवा, हा चोरीच्या घटनेतला पत्ता, हा निर्बंध यादीतला. तुमच्या खात्यात डिपॉझिट आलं की एक्स्चेंज त्या पत्त्याचा मागोवा यंत्राकडून काढून घेतं. पैसे थेट वाईट पत्त्यावरून आले तर तो थेट संपर्क. मध्ये एक-दोन वॉलेटं असली तर अप्रत्यक्ष. यंत्र एक गुण किंवा जोखमीची पातळी देतं, आणि ती एक्स्चेंजने ठरवलेल्या रेषेवर गेली की झेंडा लागतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अप्रत्यक्ष संपर्क म्हणजे गुन्हा नव्हे, आणि पैसे येणं तुमच्या हातात नसतं. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर निर्बंध लादल्यावर कुणीतरी त्यातून अनेक प्रसिद्ध लोकांच्या पत्त्यांवर प्रत्येकी 0.1 ईथर पाठवलं. त्यांनी ना मागितलं होतं, ना ते थांबवू शकत होते. तरीही त्यांचे पत्ते यंत्राच्या नजरेत निर्बंधित सेवेशी जोडले गेले. यंत्राला फक्त पैशांचा मार्ग दिसतो, हेतू दिसत नाही. हेतू सांगण्याचं काम तुमच्या कागदपत्रांचं.

एकट्या पत्त्यामुळे झेंडा लागतोच असंही नाही. पैसे आले आणि काही मिनिटांत बहुतेक सगळे नव्या पत्त्यावर निघाले, तर खातं फक्त वाट म्हणून वापरलं जातंय अशी शंका येते. केवायसीत लिहिलेलं उत्पन्न आणि आलेली रक्कम यांचा मेळ बसत नसेल, तर तीही. दोन-तीन साध्या गोष्टी एकत्र आल्या की ढीग तयार होतो.

एक उदाहरण, तारखांसकट

अनुवादाचं काम करणाऱ्या एका बाईंचं प्रकरण मी जवळून पाहिलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा एक जुना ग्राहक ट्रॉन नेटवर्कवरून यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या नाण्यात, पैसे द्यायचा. मार्चमध्ये 1,200 चं बिल, एप्रिलमध्ये 1,200 चं, मे महिन्यात 1,850 चं. पहिल्या दोन वेळा खात्यात 1,199 जमा झाले होते. तिसऱ्या वेळी पूर्ण 1,850 आले.

या एका आकड्यात सगळी गोष्ट दडलेली होती, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. पहिल्या दोन वेळा ग्राहकाने त्याच्या एक्स्चेंज खात्यातून पैसे पाठवले होते आणि तिथली 1 यूएसडीटी फी वजा झाली होती. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच्या वॉलेटमधून पाठवले, म्हणून पाठवलेला आकडा जसाच्या तसा पोहोचला. त्या वॉलेटमधले पैसे खातं न उघडता नाणी अदलाबदल करून देणाऱ्या एका सेवेतून आले होते. आणि त्या सेवेच्या पत्त्यावर काही दिवसांपूर्वी एका चोरीतला निधी येऊन गेला होता. म्हणजे बाईंपासून चोरीपर्यंत दोन वॉलेटांचं अंतर.

त्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. डिपॉझिट आल्यावर ॲपने विचारलं, "पाठवणारा कोण?" हा प्रश्न हल्ली अनेक ठिकाणी येतो. पैसे पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती रकमेसोबत जावी हा बँकांचा जुना नियम एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये क्रिप्टोलाही लागू केला, त्यातून तो आला. बाईंनी घाईत "माझं स्वतःचं वॉलेट" हा पर्याय दाबला, कारण तो सगळ्यात वर होता. आणि नऊ मिनिटांनी 4,000 यूएसडीटी एका नव्या पत्त्यावर काढायला टाकले. ते वॉलेट त्यांचंच होतं, पण एक्स्चेंजने ते पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.

तपासणाऱ्याच्या टेबलावर हे असं दिसतं: ग्राहक म्हणतो पैसे माझ्याच वॉलेटमधून आले, त्या वॉलेटच्या मागे चोरीचा निधी आहे, आणि आल्याबरोबर पैसे अनोळखी पत्त्यावर निघाले. त्या बाईंनी काहीही गैर केलं नव्हतं. पण या तीन ओळी वाचून कोणीही खातं थांबवलंच असतं.

पहिल्या दिवशी काय करायचं

आलेल्या ईमेलमधला दुवा उघडू नका. ॲप स्वतः उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा आणि तोच संदेश तिथे दिसतो का ते बघा. खातं गोठल्याचे खोटे ईमेल हा पासवर्ड चोरण्याचा नेहमीचा मार्ग आहे. तुम्ही अँटी-फिशिंग कोड लावला असेल तर खऱ्या ईमेलमध्ये तो असतो. त्यानंतर लॉगिनचा इतिहास बघा. अनोळखी जागा किंवा फोन दिसला, किंवा तुम्ही न बनवलेली एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला खातं वापरू देणारी किल्ली, दिसली, तर प्रकरण दुसऱ्या प्रकारात जातं आणि ते सपोर्टला लगेच सांगायला हवं.

मग सगळा इतिहास उतरवून घ्या: डिपॉझिट, विड्रॉल, खरेदी-विक्री, सीएसव्ही फाइलमध्ये. काही वेळा पुढे लॉगिनही बंद होतं आणि मग स्वतःचेच आकडे हाताशी राहत नाहीत.

उधारीवर घेतलेला किंवा फ्युचर्समधला सौदा उघडा असेल तर आधी तिकडे धावा. बाजार तुमच्या तपासणीसाठी थांबत नाही. विड्रॉल बंद असताना सौदा मात्र चालू राहतो, किंमत उलटी गेली की लिक्विडेशन होतं, म्हणजे एक्स्चेंज सौदा जबरदस्तीने बंद करतं, आणि नव्याने तारण भरायला डिपॉझिट बंद असू शकतं. सौदा बंद करता येत असेल तर करा. येत नसेल तर सपोर्टला पहिल्याच संदेशात लिहा की फक्त सौदा कमी करण्याची मुभा द्यावी. ही विनंती काही ठिकाणी मान्य होते. मी पाहिलेली सगळ्यात दुःखद प्रकरणं हीच: तपासणी स्वच्छ निघाली, पण तोवर शिल्लक उरली नव्हती.

आणि काही गोष्टी अजिबात करू नका. दुसऱ्या नावाने किंवा घरच्यांच्या नावाने नवीन खातं उघडू नका. तोच फोन, तेच इंटरनेट दिसतं, आणि दोन्ही खाती एकत्र गोठतात. व्हीपीएन लावून लॉगिन करू नका. त्याच ग्राहकाकडून आणखी पैसे मागवू नका. आणि रोज नवं तिकीट उघडू नका. बऱ्याच ठिकाणी तिकिटं एकत्र जोडली जातात आणि शेवटच्या संदेशाची तारीख धरून रांग लागते. एकाच तिकिटात, एकाच धाग्यात लिहीत राहा.

फाइल कशी बांधायची

बाईंचं पहिलं उत्तर असं होतं: "हे माझ्या कष्टाचे पैसे आहेत, मी काहीही चुकीचं केलेलं नाही, कृपया लवकर सोडवा." सोबत चॅटचा एक अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट. ते शब्दशः खरं होतं, आणि तपासणाऱ्याला त्यातलं एक वाक्यही वापरता येत नव्हतं. चार दिवसांनी तेच ठराविक उत्तर परत आलं: अधिक माहिती द्या.

तपासणारा माणूस शेवटी एक टिपण लिहितो, आणि वरच्या अधिकाऱ्याने ते मान्य करायचं असतं. त्या टिपणात चार उत्तरं लागतात: पैसे कोणाकडून आले, कशाबद्दल आले, त्याचा पुरावा काय, आणि पाठवणाऱ्याकडे ते कुठून आले. तुमची फाइल अशी हवी की ते टिपण त्याला तुमच्याच कागदावरून उतरवून घेता यावं.

सुरुवात एका तक्त्यापासून करा. प्रत्येक डिपॉझिटची एक ओळ. बाईंचा तक्ता असा झाला:

```
Date (UTC),Asset,Network,Invoice,Received,From,Proof
03-04 11:20,USDT,TRC20,1200,1199,client's exchange,A1
04-02 09:47,USDT,TRC20,1200,1199,client's exchange,A2
05-06 21:14,USDT,TRC20,1850,1850,client's own wallet,A3
```

खऱ्या तक्त्यात प्रत्येक ओळीला पूर्ण TxID, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, आणि पूर्ण पत्ता होता. ते कधीही तोडून लिहू नका. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं लिहिली तर तपासणाऱ्याला ती शोधत बसावी लागतात, आणि एकसारखे दिसणारे पत्ते बनवणं ही फसवणुकीची जुनी युक्ती असल्याने तो त्यावर विश्वासही ठेवत नाही.

वेळ UTC मध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा. बाईंच्या घड्याळात तिसरं डिपॉझिट 7 मेच्या पहाटे आलं होतं आणि ग्राहकाचा "पैसे पाठवले" हा ईमेलही 7 तारखेचा होता. चेनवर मात्र 6 मे, 21:14. न समजावता दिलं असतं तर कागदावर एक दिवसाचा फरक दिसला असता. तसंच 1,200 आणि 1,199. हा फरक तपासणाऱ्याने शोधून विचारण्याआधी तुम्ही स्वतः सांगा: "ग्राहकाच्या एक्स्चेंजची 1 यूएसडीटी फी वजा झाली." असा लहान फरक प्रामाणिक कागदात असतोच. तो समजावून सांगितला की बाकीच्या कागदांवरचा विश्वासही वाढतो.

प्रत्येक ओळीला पुरावा जोडा. कामाबद्दलचे पैसे असतील तर करार किंवा काम सांगणारा ईमेल, बिल, आणि काम दिल्याचा पुरावा, तिन्ही लागतात. एकटं बिल कमजोर असतं, कारण ते कुणीही दहा मिनिटांत बनवू शकतो. बाईंनी अनुवादाच्या फाइलचं पहिलं पान, ती पाठवल्याचा ईमेल आणि ग्राहकाचं "मिळालं, धन्यवाद" हे उत्तर जोडलं. बिलापेक्षा त्या दोन शब्दांच्या उत्तराने जास्त काम केलं, असं माझं मत आहे.

स्क्रीनशॉट कापू नका. पूर्ण पडदा हवा: वर पत्ता, तारीख, खात्याचं नाव. बँकेचं किंवा दुसऱ्या एक्स्चेंजचं विवरण असेल तर उतरवलेली मूळ पीडीएफ जशीच्या तशी द्या. ती एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली तर फाइलच्या आत त्या सॉफ्टवेअरचं नाव उमटतं, आणि बनावट कागद शोधणारी यंत्रं तेच पाहतात. खाजगी आकडे झाकायचे म्हणून काळ्या पट्ट्या मारल्या की फाइल बदललेली ठरते. झाकणं गरजेचं असेल तर मूळही द्या, किंवा का झाकलं ते लिहा.

वॉलेट आपलंच आहे, हे कसं दाखवायचं

बाईंना दोन वॉलेटांबद्दल विचारलं गेलं: पैसे आले ते, आणि 4,000 जाणार होते ते. पहिलं ग्राहकाचं होतं. दुसरं त्यांचं होतं, आणि ते सिद्ध करायचं होतं.

याचे दोन स्वीकारले जाणारे मार्ग आहेत. एक म्हणजे वॉलेटमधून संदेशावर सही करणं. बऱ्याच वॉलेटांत ही सोय असते. संदेश एक्स्चेंज देईल तोच वापरायचा. दिला नसेल तर असा:

```
I own this address. Case <case number>. Date <YYYY-MM-DD>. For review only.
```

वॉलेट त्यावरून लांब अक्षरांची एक सही तयार करतं. संदेश, पत्ता आणि सही, तिन्ही एकत्र पाठवायचे. खाजगी की कुठेही उघड होत नाही आणि त्या सहीने पैसे हलत नाहीत. पण सही करण्याआधी वॉलेटच्या पडद्यावरचा मजकूर शब्दन् शब्द वाचा. तिथे साध्या संदेशाऐवजी परवानगी, म्हणजे ॲप्रूव्ह, किंवा ट्रान्झॅक्शन दिसत असेल तर नाकारा.

दुसरा मार्ग म्हणजे ठरवून दिलेली अगदी छोटी रक्कम त्या वॉलेटमधून तुमच्याच एक्स्चेंज खात्याच्या डिपॉझिट पत्त्यावर पाठवणं. रक्कम ठरलेली आणि विचित्र असते, 1.37 वगैरे, म्हणजे योगायोग वाटणार नाही. ही रक्कम तुमच्याच खात्यात जमा होते, हे लक्षात ठेवा, कारण ठग याचीच नक्कल करतात.

सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटचा पूर्ण ताबा देणारे ते 12 किंवा 24 शब्द, कुठलंही खरं एक्स्चेंज कधीही मागत नाही. सपोर्टच्या नावाने, व्हिडिओ कॉलवर, "फक्त पहिले चार" म्हणूनही नाही.

कबुली कशी लिहायची

सगळ्यात नाजूक भाग होता तो "माझं स्वतःचं वॉलेट" हा चुकीचा पर्याय. बाईंना भीती होती की कबूल केलं तर खोटं बोलल्याचं सिद्ध होईल. पहिल्या मसुद्यात त्यांनी तो विषय टाळला होता. मी तो घालायला लावला. एक्स्चेंजकडे ती नोंद आधीच आहे, त्यामुळे गप्प राहिल्याने ती जात नाही, फक्त विरोधाभास तसाच उरतो. त्यांनी शेवटी लिहिलं: "6 मेच्या डिपॉझिटवर मी पाठवणारा म्हणून 'माझं स्वतःचं वॉलेट' निवडलं. ते चुकीचं होतं. ते वॉलेट माझ्या ग्राहकाचं आहे. मी घाईत पहिला पर्याय दाबला. योग्य उत्तर: तिसरी व्यक्ती, कामाचा मोबदला." पाच छोटी वाक्यं, सबब नाही, विनवणी नाही.

संपूर्ण पत्र एका पानात बसवा. "मी 11 वर्षं प्रामाणिकपणे…" अशा ओळी नकोत. राग आला असेल, आणि तो येणं रास्त आहे, तरी पत्रात नको. तपासणाऱ्याकडे त्या दिवशी कितीतरी फाइली असतात आणि ज्या फाइलचा अर्थ पहिल्या वाचनात लागतो ती आधी हलते.

आत काय चाललेलं असतं

तुम्ही पाठवलेलं आधी पहिल्या फळीतला विश्लेषक वाचतो. तो ब्लॉकचेनवरचा मार्ग स्वतः पुन्हा काढतो, कारण यंत्राची लेबलं कधी कधी जुनी किंवा चुकीची असतात. तुमच्या उत्तराशी ते ताडून पाहतो, तुमचं आणि शक्य असेल तर पाठवणाऱ्याचं नाव निर्बंध याद्यांवर तपासतो, आणि शिफारस लिहितो. रक्कम मोठी असेल किंवा संपर्क गंभीर असेल तर फाइल वरच्या अनुपालन अधिकाऱ्याकडे जाते. तुमच्याशी चॅटवर बोलणारा माणूस या दोघांपैकी कोणीच नसतो. त्याच्या पडद्यावर बहुधा "तपासणी चालू" एवढंच दिसतं. त्याच्यावर ओरडून काही निघत नाही.

कारण का सांगत नाहीत, याचं एक ठोस उत्तर आहे. अनेक देशांत संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारी यंत्रणेला दिला असेल तर ते ग्राहकाला कळू देणं हा गुन्हा ठरतो. त्यामुळे अहवाल दिला असो वा नसो, सगळ्यांनाच सारखं गुळगुळीत उत्तर देण्याची पद्धत पडते. त्या मौनाचा अर्थ तुम्ही दोषी ठरलात असा काढू नका. "माझ्याबद्दल अहवाल दिला का?" हा प्रश्न विचारू नका, उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी विचारा: "माझ्याकडून कोणती कागदपत्रं बाकी आहेत?" याचं उत्तर त्यांना देता येतं.

बाईंना दुसऱ्या फाइलनंतर सहा दिवसांनी एकच प्रश्न आला: ग्राहकाच्या वॉलेटमध्ये पैसे कुठून आले? इथे बरेच जण हताश होतात. दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब आपण कसा द्यायचा? पूर्ण देता येत नाही, आणि तेवढी अपेक्षाही नसते. ग्राहकाला स्पष्ट लिहून मागा. त्यांच्या ग्राहकाने दोन गोष्टी दिल्या: अदलाबदल सेवेचा ऑर्डर क्रमांक दिसणारा पूर्ण स्क्रीनशॉट, आणि त्याने आधी तिथे जी नाणी पाठवली ती त्याच्या एक्स्चेंज खात्यातून निघाल्याची नोंद. त्यातून दिसलं की त्याने स्वच्छ नाणी दिली होती आणि सेवेने आपल्या सामायिक साठ्यातून यूएसडीटी दिले होते. चोरीचा निधी त्या साठ्यात दुसऱ्याच कुणाकडून आला होता. ग्राहक मदत करत नसेल तर तुम्ही विचारल्याचा आणि त्याने नकार दिल्याचा ईमेल जोडा. तोही पुरावा आहे, जरा कमजोर असला तरी.

याच वेळी बाईंनी आणखी एक विनंती केली: प्रश्न फक्त 1,850 बद्दल असेल तर आधीचे 2,398 मोकळे करावेत. ही मागणी रास्त आहे आणि लोक ती करतच नाहीत. त्यांच्या बाबतीत ती मान्य झाली. उरलेले पैसे एकूण एकोणीस दिवसांनी सुटले, आणि पुढचे काही महिने रोजच्या विड्रॉलवर कमी मर्यादा राहिली.

निकाल नेहमी असाच लागतो असं नाही. कधी खातं बंद करून शिल्लक फक्त तुमच्या नावाच्या बँक खात्यात किंवा सिद्ध केलेल्या वॉलेटमध्ये काढायची मुभा देतात. तसं झालं तर वाद घालण्याआधी पैसे काढून घ्या. संपर्क थेट आणि गंभीर असेल तर रक्कम यंत्रणेच्या आदेशापर्यंत अडवून ठेवली जाते. आणि यूएसडीटीसारख्या नाण्यांच्या बाबतीत नाणं काढणारी कंपनी स्वतःही पत्ता गोठवू शकते. तेव्हा एक्स्चेंज सोडायला तयार असलं तरी नाणी हलत नाहीत.

दाद कुठे मागायची, आणि कोणाकडे जायचं नाही

सगळी कागदपत्रं देऊन तीन-चार आठवडे काहीच हललं नाही तर सपोर्ट तिकिटाच्या पलीकडे जा. एक्स्चेंजच्या अटींमध्ये तुमच्याशी करार करणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणीचा देश दिलेला असतो. एकाच ब्रँडखाली अनेक कंपन्या असतात, म्हणून तुमच्या खात्याला लागू असलेलीच शोधा. "औपचारिक तक्रार" या शीर्षकाखाली अटींत दिलेल्या पत्त्यावर लिहा. परवाना असलेल्या कंपनीला अनेक देशांत अशा तक्रारीचं लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर हातात आल्यावर तिथल्या नियामकाकडे किंवा लोकपालाकडे जाता येतं. कंपनीला कुठलाच परवाना नसेल तर हा रस्ता जवळपास बंद असतो, आणि उरतो तो वकील.

या काळात तुम्हाला संदेश येऊ लागतील: "आम्ही गोठलेलं खातं सोडवून देतो." तुम्ही कुठे जाहीर तक्रार लिहिली असेल तर तासाभरात येतील. हे लोक तपासणीत काहीही करू शकत नाहीत. त्यांना आगाऊ फी किंवा तुमचा पासवर्ड हवा असतो. आणि एक्स्चेंजच म्हणत असेल की खातं सोडवण्यासाठी आधी कर, हमी किंवा शिल्लकेच्या अमुक टक्के रक्कम नव्याने भरा, तर ते एक्स्चेंज खोटं आहे आणि पडद्यावर दिसणारी शिल्लकही. तिथे आणखी एक पैसाही टाकू नका. मालकी सिद्ध करायची छोटी रक्कम वेगळी, हे वर सांगितलंच. ती दोन-तीन आकडी वाटली किंवा भलत्याच पत्त्यावर मागितली, तर तीही देऊ नका.

खातं सुटल्यावर

पहिलं विड्रॉल छोटं करा, आधीपासून ओळखीच्या पत्त्यावर. ते पोहोचलं की मग उरलेलं. नवा पत्ता वापरायचाच असेल तर तो पत्त्यांच्या यादीत घालून यादीचा थांबण्याचा काळ पूर्ण होऊ द्या. बाईंनी ग्राहकाला कळवलं की यापुढे पैसे त्याच्या एक्स्चेंज खात्यातूनच यावेत, 1 यूएसडीटी फी त्या सोसतील. तपासणीची फाइल त्यांनी जपून ठेवली आहे, आणि प्रत्येक नव्या बिलासोबत त्याच तक्त्यात एक ओळ वाढवतात.